नुसता स्क्रीनशॉट आला की आधी सगळ्यात खालचा मेसेज बघा

प्रश्न: माझी जवळची मैत्रीण मला अधूनमधून कुणाशी तरी झालेल्या चॅटचा स्क्रीनशॉट पाठवते. सोबत एक शब्दही नसतो. मी उत्तर सुचवलं की म्हणते, "मी कुठे मागितलं होतं?" समजूत घातली की म्हणते, "ते ठीक आहे, पण आता लिहू काय?" आणि "काय करू मी याचं?" असं विचारलं तर गप्प होते. तिला उत्तर लिहून हवंय, समोरच्याचा सूर काय आहे ते हवंय की सल्ला हवाय, हे ओळखायचं कसं?

उत्तर:

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणारी माणसं दोन भेटींच्या मधे मेसेजवर बोलतात आणि त्यातले कितीतरी मेसेज म्हणजे असेच मुके स्क्रीनशॉट असतात. तुमच्या मैत्रिणीच्या गप्प होण्याबद्दल आधी सांगते. स्क्रीनशॉट पाठवणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा आपल्याला काय हवंय हे त्या क्षणी शब्दांत मांडता येत नसतं. मांडता आलं असतं तर त्याने ते लिहिलंच असतं. म्हणून "काय करू याचं?" हा प्रश्न, कितीही प्रेमाने विचारला तरी, जे तिला जमत नाहीये तेच तिच्याकडून मागतो. त्याऐवजी आपण अंदाज बांधायचा आणि तो उघडपणे तिच्यासमोर ठेवायचा. चुकला तर ती एका ओळीत दुरुस्त करते. आपल्याला काय हवंय ते मांडण्यापेक्षा दुसऱ्याचा अंदाज खोडणं सोपं असतं.

अंदाज बांधायला स्क्रीनशॉटमध्येच पुष्कळ सामग्री असते. मी तो खालून वर वाचते. सगळ्यात खालचा मेसेज कोणाचा आहे यावरून अर्धं कळतं, कारण आता बोलायची पाळी कोणाची आहे हे तिथे दिसतं.

खालचा मेसेज समोरच्याचा असेल, ताजा असेल आणि त्यात प्रश्न किंवा काही मागणं असेल, तर उत्तर देणं तिच्यावर येऊन पडलंय. अशा वेळी बहुधा लिहायला मदत हवी असते. खालचा मेसेज तिचाच असेल, त्यावर निळ्या खुणा असतील आणि पलीकडून काहीच नसेल, तर लिहिण्यासारखं काही उरलेलंच नाही. तिथे न विचारलेला प्रश्न असतो, "मी काही चुकीचं बोलले का?" म्हणजे समोरच्या माणसाच्या शांततेचा आणि तिच्या स्वतःच्या वाक्याचा सूर तपासून हवा असतो. तिसरा प्रकार असा की संभाषण संपलेलं आहे, शेवटी "ठीक", "चल, बोलू नंतर" असं काहीतरी आहे, तरीही तो स्क्रीनशॉट तुमच्याकडे आला आहे. याला उत्तरही लिहायचं नाही आणि सूरही तिला पक्का कळला आहे. हे कुणीतरी पाहावं, एवढंच तिला हवं असतं. इथे "किती लागलं असेल तुला हे" एवढं वाक्य पुरतं, आणि नेमकं इथेच लोक लांबलचक सल्ला देतात.

सल्ला हवा असणारा माणूस सहसा एकच स्क्रीनशॉट पाठवत नाही, असा माझा अनुभव आहे. तो तीन-चार पाठवतो, वेगवेगळ्या दिवसांचे, कधी वेगवेगळ्या माणसांशी झालेले. एकाच पडद्यावर त्याचं म्हणणं मावत नाही, कारण त्याला एका मेसेजबद्दल विचारायचंच नसतं. नात्याबद्दल विचारायचं असतं. म्हणून एकुलता एक स्क्रीनशॉट आला तर सल्ल्याची शक्यता मी शेवटी धरते.

खालच्या मेसेजनंतर बघायची ती लिहायची चौकट. पुष्कळांच्या हे लक्षातच येत नाही. कधी तिथे अर्धवट टाइप केलेलं वाक्य असतं, न पाठवलेलं. असं वाक्य दिसलं की पाठवणाऱ्याला लिहिता येतंय, पण त्या लिहिण्यावर विश्वास नाही, हे कळतं. कीबोर्ड उघडा आहे आणि चौकट रिकामी आहे, म्हणजे बहुधा लिहून खोडलं आहे. मग वरच्या पट्टीतलं घड्याळ बघा. शेवटचा मेसेज पावणेदहाचा आणि घड्याळात पावणेबारा, म्हणजे दोन तास हे मनात घोळतंय. मेसेज आल्यानंतर मिनिटाभरात काढलेला स्क्रीनशॉट वेगळा असतो. त्यात धक्का असतो, आणि धक्क्यातल्या माणसाला लगेच उत्तर लिहून देणं धोक्याचं असतं, कारण तो ते लगेच पाठवतो.

कडाही बघा. स्क्रीनशॉट वरून कापलेला असेल, तर ज्या मेसेजवर हे उत्तर आलं तोच कदाचित बाहेर राहिला असेल. मुद्दाम लपवलंय असा संशय घ्यायची गरज नाही. माणूस आपल्याला जे लागलं तेवढंच टिपतो. पण तुम्ही मात्र सूर सांगण्याआधी वरचा पडदा मागायला हवा.

एक बारीक पण महत्त्वाची खातरजमा करून घ्या. बहुतेक ॲपमध्ये ज्याचा फोन असतो त्याचे मेसेज उजवीकडे असतात आणि वर पट्टीत समोरच्याचं नाव असतं. त्या नावाच्या जागी तुमच्या मैत्रिणीचंच नाव दिसलं, तर हा स्क्रीनशॉट तिच्या फोनवरचा नाही. समोरच्याने किंवा तिसऱ्याच कुणीतरी काढून तिला पाठवला आहे. मग डावी-उजवी बाजू उलटते आणि प्रश्नही बदलतो. माझ्या हातून एकदा हे झालं आहे. एका बाईंनी पाठवलेल्या चॅटमधल्या कडवट वाक्याबद्दल मी "समोरचा फार तुटक बोलला" असं लिहिलं. ते वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. त्यांच्या नणंदेने ते टिपून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं होतं, आणि माझ्या वाक्याने त्यांना दुसऱ्यांदा लागलं. त्या दिवसापासून वरचं नाव बघितल्याशिवाय मी एक अक्षर लिहीत नाही. नाव कापलेलं असेल तर विचारते, "उजवीकडचे मेसेज तुमचे ना?"

निळ्या खुणांवर मात्र फार भार टाकू नका. त्या दिसल्या म्हणजे समोरच्याच्या फोनवर चॅट उघडलं गेलं, एवढंच नक्की कळतं. त्याने ते मन लावून वाचलं की बसमध्ये उभ्याने नजर फिरवली, हे कळत नाही. आणि त्या दिसल्या नाहीत म्हणजे वाचलं नाही असंही नाही, कारण ती सोय बंद करून ठेवता येते. "बघून गप्प बसलाय" हे वाक्य तुमच्या तोंडून पहिल्यांदा निघू नये. तिच्या मनात ते आधीच दहादा येऊन गेलेलं असतं.

आता एका मुलीचा प्रत्यक्ष प्रसंग सांगते. तिच्या परवानगीने सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ही मुलगी कॉलेजात होती तेव्हापासून माझ्याकडे येते, म्हणून मी तिला अगं-तुगं करते. एका रात्री अकरा एकोणचाळीसला तिचा स्क्रीनशॉट आला. सोबत काही नाही. वर नाव "ताई". उजवीकडे तिचे दोन मेसेज, संध्याकाळी सहा चाळीसचे:

"ताई, शनिवारी सकाळी बाबांना डोळे तपासायला न्यायचंय. मला ऑफिस आहे. तुला जमेल का?"

"नाहीतर मी रजा टाकते"

डावीकडे ताईचे दोन, रात्री नऊ बावन्नचे:

"तुम्ही ठरवलंच आहे तर मी काय बोलणार."

"जाईन मी."

आणि खाली चौकटीत, न पाठवलेलं: "तुम्ही म्हणजे कोण"

पाळी हिचीच होती, पण ताईच्या शेवटच्या मेसेजमध्ये प्रश्न नव्हता. काम झालेलं होतं, ताई जाणार होती. उत्तर अडलेलं नव्हतं. घड्याळ सांगत होतं की पावणेदोन तास हे चाललंय. चौकटीतल्या तीन शब्दांवरून कळत होतं की हिला नेमकं कुठे टोचलं आहे ते स्वतःला ठाऊक आहे आणि जे लिहिलंय ते पाठवलं तर भांडण होईल, हेही ठाऊक आहे. म्हणून ती थांबली आणि माझ्याकडे आली. मी अंदाज बांधला की हिला आधी सूर वाचून हवा आहे, आणि त्याबरोबर कुणीतरी हात धरायला हवा आहे.

मी लिहिलं: "ताई शनिवारी जाणार आहे, पण तिला न विचारता ठरलं असं वाटून ती दुखावलेली दिसतेय. 'तुम्ही' म्हणजे तू आणि बाबा असावेत. याला आज रात्रीच उत्तर द्यायला हवं असं मला दिसत नाही. ती रागावलीय का हे बघायचंय तुला, की तिला काय लिहावं ते?"

या उत्तराची रचना मी जवळजवळ नेहमी अशीच ठेवते. पहिल्यांदा जे दिसलं ते सांगायचं, म्हणजे आपण वाचलं हे तिला कळतं. मग आपला अंदाज, "दिसतंय", "असावेत" अशा शब्दांत. घाई आहे की नाही ते सांगायचं, कारण रात्री स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याला बहुधा तेच सगळ्यात जास्त छळत असतं. आणि शेवटी दोनच पर्यायांचा प्रश्न. तीन पर्याय दिले की ते फॉर्म भरल्यासारखं होतं. दोनांपैकी एकही बरोबर नसेल तर माणूस तिसरा आपणहून सांगतो.

तिचं उत्तर आलं: "रागावलीय ना?"

म्हणजे सूर. तेव्हा मी वरचा एक पडदा मागितला. खरं तर हे मी आधीच करायला हवं होतं, कारण त्या पडद्याने माझा अर्धा अंदाज खोटा ठरवला. त्याआधी, बुधवारी, ताईने विचारलं होतं, "बाबांच्या डोळ्यांचं काय झालं? कधी जायचंय?" त्यावर हिने लिहिलं होतं, "सांगते." त्यानंतर काही नाही, थेट शनिवार ठरल्याचा मेसेज. मी समजले होते की ताईला कुणी विचारलं नाही. प्रत्यक्षात ताईने स्वतः विचारलं होतं आणि तिला उत्तर मिळालं नव्हतं. न विचारलं जाणं आणि विचारूनही दुर्लक्ष होणं, यांतलं दुसरं जास्त लागतं, आणि त्यावर लिहायचं उत्तरही वेगळं असतं. पहिल्यात "तुला विचारायला हवं होतं" पुरलं असतं. दुसऱ्यात त्या लोंबकळत राहिलेल्या "सांगते"चं नाव घ्यायलाच हवं होतं.

सूर वाचताना मी ज्या गोष्टींकडे बघते त्या इमोजींमध्ये फारशा नसतात. आपल्या भाषेत राग आणि रुसवा छोट्या अव्ययांत आणि शब्दांच्या क्रमात बसतो. "ठरवलं आहे" आणि "ठरवलंच आहे" यांतल्या एका "च"मध्ये ताईचं सगळं म्हणणं होतं. "मी जाईन" हे कबुलीचं वाक्य आहे. "जाईन मी" म्हटलं की "मी" शेवटी येऊन त्यावर जोर पडतो आणि "शेवटी माझ्यावरच आलं" अशी छटा येते. नेहमी "तू" म्हणणारं माणूस "तुम्ही" म्हणालं, तर ते अनेकवचन आहे की दुरावा, हे बघावं लागतं. इथे ते अनेकवचन होतं, ताईने स्वतःला एका बाजूला आणि बाकी घराला दुसऱ्या बाजूला ठेवलं होतं. "बघते", "कळवतो", "जसं तुला योग्य वाटेल" ही वाक्यं तर नुसती वाचून कळूच शकत नाहीत. एकच "बघते" एका माणसाच्या तोंडी होकार असतो आणि दुसऱ्याच्या तोंडी सभ्य नकार. त्या माणसाचे आधीचे दोन-तीन "बघते" काय निघाले, हे तुमच्या मैत्रिणीला माहीत असतं, तुम्हाला नसतं. ते तिलाच विचारा.

पूर्णविरामाबद्दलही हेच. बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी १२६ विद्यार्थ्यांना छोट्या संभाषणातली एका शब्दाची उत्तरं दाखवली होती. मेसेजच्या रूपात दाखवलेल्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की ते कमी मनापासूनचं वाटायचं, हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तसा फरक पडला नाही. पण म्हणून प्रत्येक "ठीक आहे." थंडपणे म्हटलेला नसतो. ताईच्या वरच्या पडद्यावरच्या साध्या मेसेजमध्येही पूर्णविराम होतेच, ती तिची सवय होती, तेव्हा मी त्याला काही अर्थ दिला नाही. ज्याच्या लिहिण्यात कधीच पूर्णविराम नसतो त्याच्या वाक्यात तो अचानक उगवला, तर थांबून बघावं. माणसाची तुलना त्याच्याच नेहमीच्या लिहिण्याशी करायची, इतरांच्या लिहिण्याशी करायची नाही.

आणि आपल्या वाचनावर आपण किती विसंबावं? जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेलं एक संशोधन २००५ साली प्रसिद्ध झालं. त्यातल्या एका प्रयोगात काही वाक्यं मनापासून आणि काही उपरोधाने सांगायची होती, कधी ईमेलने, कधी आवाजात, आणि ऐकणाऱ्याने किंवा वाचणाऱ्याने ती ओळखायची होती. सांगणाऱ्यांना दोन्ही वेळी वाटलं की ७८ टक्के वेळा आपलं म्हणणं बरोबर ओळखलं जाईल. आवाजात ते ७३ टक्के वेळा ओळखलं गेलं, ईमेलमध्ये ५६ टक्के. दोनच पर्याय असताना नाणं उडवूनही ५० टक्के जमतं, हे लक्षात घेतलं की ५६ म्हणजे किती कमी ते कळतं. म्हणून मी "ताई रागावली आहे" असं कधी सांगत नाही. "या 'च'वरून मला असं वाटतंय" असं सांगते, म्हणजे कशावरून वाटतंय ते तिला दिसतं आणि पटत नसेल तर खोडता येतं. माझा "असावेत" असा शब्द होता म्हणूनच वरचा पडदा आल्यावर मला सरळ लिहिता आलं, "मी म्हटलं त्यापेक्षा वेगळं आहे हे. बुधवारचं तुझं 'सांगते' बघ."

ते तिने बघितलं. चार-पाच मिनिटं काहीच आलं नाही. मग: "हो. मी विसरलेच. आता काय लिहू?"

आता, आणि आताच, लिहायची मदत मागितली गेली. क्रम बघा. पाठवताना तिला सूर हवा होता, सूर कळल्यावर उत्तर हवं झालं. तुमची मैत्रीण "मी कुठे मागितलं होतं?" म्हणते आणि दुसऱ्या वेळी "पण आता लिहू काय?" म्हणते, त्यात लहरीपणा नाही. तुम्ही पहिल्या वेळी एक पायरी आधी पोचलात, दुसऱ्या वेळी एक पायरी मागे थांबलात. सूर समजण्याआधी दिलेलं उत्तर, कितीही छान लिहिलेलं असलं, तरी तिला परकं वाटतं, कारण ते कशाला उत्तर आहे हेच तिच्यासाठी ठरलेलं नसतं.

मसुदा देताना मी स्वतः पूर्वी एक मोठी चूक करायचे. स्वच्छ, समजूतदार, मोठ्या माणसासारखा परिच्छेद लिहून द्यायचे. एका मुलाने माझा तसा परिच्छेद जसाच्या तसा आपल्या मित्राला पाठवला. मित्राचं उत्तर आलं, "हे तू लिहिलेलं नाहीस. कोणाला दाखवतोयस आपलं बोलणं?" मूळ भांडण बाजूला राहिलं आणि विश्वासाचं नवं भांडण सुरू झालं. तेव्हापासून मी मसुदा देण्याआधी त्या माणसाचे स्वतःचे मेसेज परत वाचते. ते किती लांब लिहितात, हाक मारतात का, देवनागरीत लिहितात की इंग्रजी लिपीत, "सॉरी" म्हणतात की "चुकलं माझं". मसुदा त्याच मापाचा हवा. आणि सहसा मी पूर्ण मसुदा देतही नाही, त्यात कोणत्या गोष्टी याव्यात ते सांगते आणि वाक्यं त्यांची त्यांना करू देते.

या मुलीला मी म्हटलं, "तीन गोष्टी येऊ देत. बुधवारी तिने विचारलं होतं हे तुला आठवतंय. तिला न सांगता वेळ घेतलीस. आणि वेळ अजून बदलता येईल. 'तुम्ही म्हणजे कोण' हे खोडून टाक, त्याचं उत्तर तुला मिळालंय." तिने लिहिलेलं असं होतं:

"ताई तू बुधवारी विचारलं होतंस, मी सांगते म्हटलं आणि राहिलंच. तुला विचारून वेळ घ्यायला हवी होती. शनिवार तुला अवघड असेल तर बदलून घेते, खरंच सांग"

मी यात काही बदललं नाही. "खरंच सांग" मला सुचलं नसतं, आणि ताईपर्यंत तेच पोचणार होतं. फक्त एवढं म्हटलं की सकाळी पाठव. रात्री बाराला आलेली माफी वाचणाऱ्याला, इतका वेळ हिच्या मनात हेच होतं, असं वाटू शकतं आणि उत्तराचं ओझं लगेच त्याच्यावर जातं. सकाळी तीच माफी साधी वाटते.

मग शेवटी तिने लिहिलं, "पण ताई दर वेळी असंच करते, मॅडम." इथे सल्ल्याचं दार उघडलं होतं, आणि मी आत गेले नाही. "दर वेळी" हे दोन पडद्यांवरून ठरवता येत नाही. या दोन पडद्यांवर तर ताई वाट बघत असलेली दिसत होती. पण ते त्या वेळी बोलून दाखवलं असतं तर मी ताईचा पक्ष घेतल्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, "हे आपण भेटीत बोलू, आज झोप." तुम्ही समुपदेशक नाही आहात, त्यामुळे तुम्हाला भेटीची वेळ देता येणार नाही, पण "हे मेसेजवर नको, उद्या फोन करते" असं नक्की म्हणता येतं. नात्याबद्दलचा सल्ला एका स्क्रीनशॉटवरून दिला की तो त्या एका संध्याकाळच्या मापाचा होतो.

एकच स्क्रीनशॉट, किंवा त्याच माणसाचे तसेच स्क्रीनशॉट पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर एक सांभाळा. तिसऱ्यांदा तोच सूर वाचून दाखवण्यात तिचा फायदा नसतो. अमँडा रोझ यांनी २००२ साली मैत्रीतल्या एका सवयीवर संशोधन प्रसिद्ध केलं होतं: त्याच त्या अडचणीवर दोघांनी मिळून पुन्हा पुन्हा चघळत बसणं. अशी मैत्री जास्त जवळची असते आणि त्याच वेळी त्यात निराशा आणि चिंताही जास्त दिसते, असं त्यात आढळलं. तेव्हा तिसऱ्या वेळी मी नवा अर्थ शोधत नाही. "मागच्या वेळी आपण याला असं म्हटलं होतं. त्यानंतर त्याच्याशी बोललीस का?" असं विचारते.

काही स्क्रीनशॉट मात्र या सगळ्याच्या बाहेरचे आहेत. त्यात धमकी असेल, कुणी जीव देण्याबद्दल बोलत असेल, किंवा कुणी ओळखीचा म्हणवून घाईने पैसे मागत असेल, तर अंदाज, सूर, मसुदा काही नको. लगेच मैत्रिणीला फोन लावा. पैशांच्या बाबतीत तिला सांगा की त्या चॅटमध्ये उत्तर न देता, आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर त्या माणसाचा आवाज ऐकून घे.

आणि त्या पडद्यावर एक तिसरं माणूस आहे, ज्याला आपण त्याचं बोलणं वाचतोय हे माहीत नाही. तो स्क्रीनशॉट पुढे पाठवू नका, तुमच्या गॅलरीत आपोआप साठला असेल तर काम झाल्यावर काढून टाका, आणि पुढे कधी त्या माणसाला भेटलात तर त्यातलं वाक्य तुमच्या तोंडी येऊ देऊ नका.

तुमच्या मैत्रिणीचा पुढचा स्क्रीनशॉट आला की वरचं नाव आणि खालचा मेसेज बघा, चौकटीत काही लिहून ठेवलंय का ते बघा, आणि तिला दोन-तीन ओळी लिहा: काय दिसलं, तुम्हाला काय वाटतंय, घाई आहे का, आणि "एवढंच बघायचंय की लिहायचंय काही?" ती "लिहायचंय" म्हणाली तरी आधी वरचा पडदा मागा.